२८-२८ आणि पासष्ट सेकंद: हांगझोऊच्या एका तिसऱ्या चढाईचा हिशेब

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. मध्यंतराला भारत १७-१३ असा पुढे होता. उत्तरार्धात इराणने एकेक गुण करत ती आघाडी भरून काढली आणि फलक २८-२८ वर येऊन थांबला. घड्याळात साधारण एक मिनिट पाच सेकंद शिल्लक होते. कर्णधार पवन सेहरावत चढाईला निघाला आणि ही भारताची तिसरी चढाई होती. आधीच्या दोन रिकाम्या गेल्या होत्या. म्हणजे आता गुण घेऊनच परतायचं, नाहीतर बाद.

पुढे जे झालं ते बहुतेकांना आठवत असेल. पवन लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात गेला, त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले आणि गुण कोणाला किती यावरून सामना जवळपास तासभर थांबला. पंचांचे निर्णय फिरले, खेळाडू मॅटवर बसून राहिले. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. चर्चा झाली ती या वादाची. मी गेली बरीच वर्षं गुणपत्रिका भरतो आणि मुलांना शिकवतो, म्हणून मला त्या वादाच्या आधीचे काही क्षण जास्त मोलाचे वाटतात. आशियातल्या दोन सर्वांत तगड्या संघांचं सुवर्णपदक एका तिसऱ्या चढाईवर येऊन का टेकलं आणि त्या चढाईच्या तराजूत नेमकं काय होतं, हे सुटं करून पाहू.

नियम आधी नीट पाहू, कारण बारकावे त्यातच आहेत. चढाई ३० सेकंदांची. चढाईपटूने मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदान रेषा ओलांडली आणि कोणाला न शिवता, न सापडता तो परत आला, तर चढाई रिकामी. दोन्ही संघांना शून्य. निदान रेषाच ओलांडली नाही तर तो बाद. लागोपाठ दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या की त्या संघाची पुढची चढाई ‘करा किंवा मरा’ची. ही मोजणी संघाची असते, खेळाडूची नव्हे. पहिल्या दोन रिकाम्या चढाया एकाने केल्या आणि तिसरीला दुसराच गेला, तरी ती तिसरीच. तिसरीत गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद आणि समोरच्या संघाला एक गुण. कोणी हात लावायचीसुद्धा गरज नाही.

हा नियम नसता तर पुढे असलेला संघ निदान रेषेपलीकडे पाय टेकवून परत येत राहिला असता आणि घड्याळ संपवलं असतं. जुन्या काळात मैदानावर असले कंटाळवाणे शेवट लोकांनी पाहिलेत. तिसऱ्या चढाईने तो मार्ग बंद केला. पण पूर्ण बंद केला का? इथे थोडा हिशेब करावा लागतो आणि तो मला फार आवडतो.

समजा दोन्ही संघांनी ठरवलं की पहिल्या दोन चढाया रिकाम्याच ठेवायच्या, प्रत्येकी पूर्ण ३० सेकंद घालवायचे आणि खेळ फक्त तिसऱ्याला करायचा. अ संघ रिकामी, ब रिकामी, अ रिकामी, ब रिकामी, मग अ ची तिसरी, ब ची तिसरी. सहा चढाया, तीन मिनिटं, दोन निकाल. चाळीस मिनिटांत अशा तेरा फेऱ्या होतात. म्हणजे दोघांनी मिळून कितीही झोपाळू खेळ केला तरी सव्वीस चढाया अशा निघतात जिथे कोणालातरी गुण मिळणारच. हा सामन्याचा तळ. याखाली गुणसंख्या सहसा जात नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाची अंतिम लढत आठवा, पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. एकूण त्रेपन्न गुण. पाचव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सने गुजरातला ५५-३८ असं हरवलं तेव्हा एकूण त्र्याण्णव झाले होते. दोन्ही सामने चाळीस मिनिटांचेच. दुसऱ्याच्या तुलनेत पहिला सामना तळाच्या किती जवळ आहे ते पाहा. हांगझोऊचा सामनाही एकोणचाळीस मिनिटांत छप्पन गुणांवर होता, म्हणजे याच कुळातला.

अशा सामन्यात गुण पडण्याची चाल वेगळी असते. बराच वेळ फलक हलत नाही, मग लागोपाठ दोन गुण पडतात, पुन्हा शांतता. घरी बसून बघणाऱ्याला वाटतं काही घडत नाहीये. प्रत्यक्षात दोन्ही प्रशिक्षक बोटं मोजत असतात. लोण, म्हणजे अख्खा संघ बाद होणं, हेही कमी होतं. दोन्ही संघ तिसऱ्या चढाईत जवळपास सारखेच यशस्वी असले तर एक बाद होतो, एक जिवंत होतो आणि माणसं सहा-सातच्या आसपास राहतात.

एकाच संघाची तिसरी चढाई फसत गेली तर मात्र चित्र फार झपाट्याने पालटतं. एका फेरीत आपला चढाईपटू बाद झाला आणि समोरच्याने त्याच्या तिसरीत आपला एक मारला, तर तीन मिनिटांत दोन माणसं गेली आणि दोन गुण गेले. अशा दोन फेऱ्या झाल्या की सात जणांचे तीन उरतात. सहा मिनिटांत चार गुणांची पिछाडी आणि मैदानात तिघेच. लोणची घंटा वाजते ती इथे. कोणी एका चढाईत चार माणसं मारली असं काही घडलेलं नसतं. कोणाच्या लक्षात येण्याआधी संघ पोकळ झालेला असतो.

पण गंमत अशी, की याच क्षणी पारडं थोडं सावरतं. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असले की पकडीला दोन गुण मिळतात, अव्वल पकड. आता समोरचा संघ तिसऱ्या चढाईला आला तर त्याला यशाचा एक गुण आणि पकडला गेला तर उणे दोन. म्हणूनच तिघांसमोर तिसरी चढाई ओढवून घेऊ नये, असं मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. तिघं राहिलेत म्हणून आरामात दोन रिकाम्या करायच्या आणि मग तिसरीला अडकायचं, ही चूक फार महागात पडते.

आता यशाच्या प्रमाणाकडे येऊ. ‘तिसरी चढाई किती वेळा यशस्वी होते?’ असं लोक विचारतात आणि एकच टक्केवारी ऐकायची त्यांची इच्छा असते. पण कुठल्या टक्केवारीला चांगलं म्हणायचं, हे समोर किती माणसं आहेत त्यावर ठरतं. साधा हिशेब आहे. समोर चार ते सात बचावपटू असतील तर यशाला अधिक एक, अपयशाला उणे एक. तेव्हा निम्म्या वेळा यश आलं तर बरोबरी सुटते. समोर दोन किंवा तीन असतील तर पकडलं गेल्यास उणे दोन, मग तीनपैकी दोन वेळा यश आलं तरच बरोबरी. समोर एकच उरला असेल तर मात्र त्याला मारताच लोणचे दोन गुण वर मिळतात, एकूण तीन. तिथे पाचापैकी दोन वेळा यश आलं तरी तोटा नाही. एकच चढाईपटू, एकच कसब, पण समोरची माणसं बदलली की त्याच्या पन्नास टक्क्यांचा अर्थ पार बदलतो.

दुसरी गोष्ट बोनसची. समोर सहा किंवा सात असतील तेव्हाच बोनस चालू असतो. तिसऱ्या चढाईत बोनसही गुणच, त्यामुळे चढाईपटूला दुसरं दार उघडं असतं. ४.७५ मीटरवरची बोनस रेषा एका पायाने ओलांडून दुसरा पाय हवेत ठेवला की काम झालं, कोणाला शिवायची गरज नाही. पाच बचावपटू झाले की ते दार बंद. म्हणून माझ्या मते चढाईपटूसाठी सगळ्यात अवघड तिसरी चढाई ही चार-पाच जणांसमोरची असते. बोनस नाही, दोन्ही कोपरे आणि मधली माणसं शाबूत, साखळी अजून तुटलेली नाही. हुकमी चढाईपटूंचीही इथे भंबेरी उडते.

जवळून पाहिलं तर ही चढाई पहिल्या सेकंदापासून वेगळी दिसते. साध्या चढाईत बचावफळी थोडी पुढे येते, कोपरारक्षक पायावर झेपायची संधी शोधतो, कोणीतरी धडक मारायच्या बेतात असतो. तिसरीत ते सगळे मागे सरकतात. बोनस रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत फक्त १.७५ मीटरचा पट्टा आहे, त्यात ते सातजण हातात हात घालून उभे राहतात आणि वाट पाहतात. त्यांना घाई नाही. घड्याळ त्यांच्या बाजूचं आहे. चढाईपटू पहिली दहा-बारा सेकंद डावीकडून उजवीकडे फिरतो, एखादा खोटा हात टाकतो, हलतं का कोणी ते पाहतो. कोणी हलत नाही. मग कधीतरी त्याला त्या पट्ट्यात शिरावंच लागतं आणि कधी शिरणार हे आता समोरच्यांनाही कळलेलं असतं. मी मुलांना सांगतो, शेवटच्या आठ सेकंदांची वाट बघू नका, बाराव्या-तेराव्या सेकंदालाच एकदा खरं आत जाऊन या. परत बाहेर यायला आणि पुन्हा जायला वेळ उरतो. शेवटच्या पाच सेकंदांत घेतलेली उडी बहुधा कोपरारक्षकाच्या मांडीत संपते.

म्हणूनच काही संघ तिसऱ्या चढाईसाठी वेगळा माणूस ठेवतात. यू मुम्बाच्या सुरुवातीच्या हंगामांत रिशांक देवाडिगाची ओळखच ही होती. मुख्य चढाया अनुपकुमारच्या आणि अडलेल्या वेळची चढाई रिशांकची. त्यात दोन फायदे. एक तर असा खेळाडू स्वभावानेच आत घुसणारा असतो, बोनसची वाट पाहत नाही. आणि तो बाद झाला तरी मुख्य चढाईपटू मैदानात राहतो. मुख्य चढाईपटू बाकावर बसला तर नुकसान त्या एका गुणापुरतं राहत नाही. त्याला जिवंत करायला दुसऱ्या कोणीतरी गुण आणावा लागतो आणि तोवरच्या चढाया दुबळ्या पडतात. त्या दुबळ्या चढाया रिकाम्या जातात आणि पुढची तिसरी आणखी लवकर येऊन उभी राहते. पुढे हाच रिशांक जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राचा कर्णधार होता. त्या वेळी हैदराबादला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवलं.

हे सगळं मनात ठेवून परत हांगझोऊला जाऊ. २८-२८, पासष्ट सेकंद, भारताची तिसरी. पवनने पूर्ण ३० सेकंद घेतली असती तर पस्तीस उरली असती. मग इराणची चढाई. त्यांनी तीही ३० सेकंद चालवली तर पाच उरतात आणि शिट्टीआधी सुरू झालेली चढाई पूर्ण करू देतात, म्हणजे भारताला शेवटची एक चढाई कशीबशी मिळाली असती. आता दोन्ही शक्यता पाहा. पवन यशस्वी झाला तर २९-२८, इराणचा एक माणूस कमी आणि बरोबरीसाठी इराणलाच आत यावं लागणार. पवन फसला तर २८-२९, भारताचा सर्वांत मोठा चढाईपटू बाकावर. इराणला पुढची चढाई रिकामी करायची मुभा असेल तर त्यांनी फक्त निदान रेषा ओलांडून वेळ काढायची आणि भारताने पाच सेकंद उरले असताना, पवनशिवाय, शेवटची चढाई करायची. त्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे ही महाराष्ट्राची पोरंही होती, पण अशा वेळी कर्णधारच गेला आणि तेच योग्य होतं. फलकावर दोन गुणांचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात सामन्याची किल्ली कोणाच्या हातात राहणार हे त्या एका चढाईत ठरणार होतं. साध्या चढाईत ‘काहीच नाही’ हा तिसरा निकाल शक्य असतो, इथे तो नव्हता.

भारताने त्या आधीच्या दोन चढायांत जोखीम घ्यायला हवी होती का? मला हा प्रश्न बरेच जण विचारतात. शेवटच्या तीन मिनिटांत दोघांनाही मिळते ती साधारण एकेक तिसरी चढाई, हे वरच्या हिशेबातून दिसतं. बरोबरीत असताना आपली तिसरी नेमकी केव्हा येते हे उलटं मोजता येतं. माझ्या मते ती शेवटच्या मिनिटाच्या आतबाहेर येऊ द्यायची नसते, कारण फसली तर भरून काढायला चढायाच उरत नाहीत. म्हणजे चार-पाच मिनिटं उरली असतानाच एक रिकामी गेली की दुसरीत थोडं धाडस करायचं. पण इराणचा बचाव काय ताकदीचा आहे हे २०१८ साली जकार्तात भारताने उपांत्य फेरीत २७-१८ असा पराभव पत्करून अनुभवलं होतं. त्या बचावासमोर दुसऱ्या चढाईत सावध राहणाऱ्याला मी दोष देणार नाही.

आणि मग लॉबी. मैदान दहा मीटर रुंद, पण स्पर्श होईपर्यंत दोन्ही कडांचा एकेक मीटर बंद असतो, खेळायला आठच मीटर. स्पर्श झाला की लॉबी उघडते. तिसऱ्या चढाईत हे आठ मीटर फार अरुंद वाटतात, कारण बचाव मागे बसलेला असतो आणि जागा शोधत चढाईपटू कडेला जातो. पवन स्पर्शाआधीच लॉबीत गेला असं धरलं तर तो तिथेच बाद. इराणला गुण मिळणारच होता, त्यासाठी कोणी जागचं हलायचीही गरज नव्हती. पण ते त्याच्या मागे गेले. जुन्या नियमाप्रमाणे असे लॉबीत शिरलेले बचावपटूही बाद धरले जातात. प्रो कबड्डीत रुळलेल्या नव्या नियमाप्रमाणे चढाईपटू लॉबीत जाताच खेळ तिथेच थांबतो आणि बाद फक्त तोच. त्या दिवशी कोणता नियम लागू, यावर सगळा गोंधळ झाला आणि कौल भारताच्या बाजूने लागला.

मला इराणच्या त्या बचावपटूंचं वाईट वाटतं. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं, चढाईपटू कडेला गेला की त्याच्यावर तुटून पडायचं. अंगात मुरलेली सवय निमिषार्धात थांबत नाही. पण तिसऱ्या चढाईत बचावाला ती सवय मोडावी लागते. चढाईपटू स्वतःहून चुकतोय असं दिसलं की हात मागे घ्यायचे. आमच्या सरावात मी यासाठी वेगळा डाव घेतो: चढाईपटू मुद्दाम कडेला जातो आणि बचावपटूंनी रेषेच्या आत पाय रोवून उभं राहायचं. सुरुवातीला प्रत्येक वेळी कोणीतरी बाहेर धावतंच.

शेवटी गुणपत्रिकेबद्दल. कुठल्याही स्पर्धेत तिसऱ्या चढाईचं प्रमाण काढायचं तर चढाईसमोर फक्त टिकमार्क करून भागत नाही. मी चार गोष्टी लिहितो: समोर किती बचावपटू, गुण स्पर्शाचा की बोनसचा की बचावाच्या चुकीचा, किती सेकंद उरले असताना शेवटची झेप घेतली आणि चढाईपटू परत आला का. शेवटची नोंद बरेच जण विसरतात. बोनस घेतला आणि त्याच चढाईत पकडला गेला तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो. गुण आला म्हणून ती यशस्वी धरली जाते, पण माणूस गेलेला असतो. अशा नोंदी वेगळ्या नाही केल्या तर बोनसवर जगणारा चढाईपटू कागदावर आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

आणि मोजणीत चूक झाली तर काय होतं हे मी स्वतः भोगलंय. एका गावच्या स्पर्धेत गुणपत्रिका माझ्याकडे होती. एका मुलाची चढाई अगदी निदान रेषेवर गेली, पंचांनी ती वैध धरली, पण खालच्या आवाजात. गलक्यात मला वाटलं अजून निर्णय व्हायचाय आणि मी रिकामी चढाई नोंदवलीच नाही. पुढच्या खेपेला तो संघ आला तेव्हा माझ्या कागदावर त्यांची दुसरी होती आणि पंचांच्या मोजणीत तिसरी. मी तिसरी म्हणून हाक दिली नाही. पोरगा निवांत फिरून परत आला, पंचांनी बोट वर केलं. तो जागच्या जागी थिजला. मग त्याने माझ्या टेबलाकडे पाहिलं. त्या दिवसापासून दुसरी चढाई रिकामी गेली की मी पंचांच्या डोळ्यात बघून दोन बोटं वर करतो, त्यांनी मान हलवल्याशिवाय पेन कागदावर टेकवत नाही.